पाचवा संच

मच्छिंद्र कोळेकरने माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि त्याचा वास घेतला. मला तो माणूस तिथेच आवडला नाही. पाकिटाला वास कसला घ्यायचा? मी साठ वर्षं पाकिटं फोडते आहे, एकदाही वास घेतला नाही.

"बाई, ह्यो कागद चकचकीत हाय," तो म्हणाला. "शाई पिणार न्हाई."

"तुम्हाला बघायला बोलावलंय, प्यायला नाही," मी म्हणाले.

तो हसला नाही. खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि टेबलावर मांडली.

हे टेबल आमच्या कंपनीच्या ऑफिसातलं, आणे गावातलं. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. कंपनीचं नाव पठारकन्या महिला शेतकरी उत्पादक कंपनी. पठारावरच्या तीनशे बायका मटकी, हुलगा, बाजरी आणि मेंढ्यांची लोकर एकत्र करून विकतात. मी राहते खाली निमगाव सावाला, पण संचालक मंडळात आहे, कारण मी बी. ए. झाले आहे आणि सही करण्याआधी कागद वाचते. बाकीच्या चौघी माझ्यावर विसंबून असतात आणि मागून मला खवट म्हणतात. मला माहीत आहे.

वर्षभर आम्ही साध्या कागदावर शिक्का मारून पत्रं पाठवली. मग मोठ्या खरेदीदारांशी बोलणी सुरू झाली, तशी लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि पाकीट असा पूर्ण संच हवा असं ठरलं. मंचरची वृषाली पुण्यात डिझाइन शिकून आली होती. तिने संच केला आणि नमुने पुण्यात छापून पाच संच आणले, पाच संचालकांना पाच. दिसायला देखणे होते. हिरव्यातून पिवळ्यात विरघळत जाणारा उजेड, त्यात मेंढीची आकृती, खाली गर्द हिरवा पट्टा आणि पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात पत्ता. अध्यक्षीणबाई ठमाबाई तर कार्डावर बोट फिरवत म्हणाल्या, "आपली मेंढी लई गोड आलीया."

मी म्हटलं, हजारांनी छापण्याआधी एखाद्या छापणाऱ्याला दाखवा. पस्तीस वर्षं हेच काम करणारा जवळचा माणूस नारायणगावचा मच्छिंद्र. पण त्याचं नाव निघालं तशी मीच कचरले.

कारण सांगते. चार वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या लेटरहेडवर नोकरीची खोटी पत्रं निघाली. कागद खरा, छपाई खरी, मजकूर खोटा. ती लेटरहेडं मच्छिंद्रने छापलेली. छापणारा नेहमी चार कागद जास्त घेतो, कारण मशीन लावताना काही खराब होतात. खराब झालेले कुठे जातात ते कोणी विचारत नाही. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं, काही सापडलं नाही, सोडलं. पण तेव्हापासून एकाही संस्थेने त्याला काम दिलं नाही. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि दुकानांची पावती पुस्तकं एवढ्यावर त्याचं मशीन चालत होतं. आणि संस्थांची कामं गेली की छापखाना फक्त लगीनसराईपुरता उरतो.

तेव्हा माझा संशय साधा होता. हा माणूस पुण्याच्या नमुन्यात खोड्या काढणार, काम स्वतःकडे ओढणार. मी ठरवूनच समोर बसले होते.

खोड्या त्याने काढल्याच. पण ज्या पद्धतीने काढल्या ते मला अपेक्षित नव्हतं.

आधी त्याने तिन्ही वस्तू एकाखाली एक ठेवल्या आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. मग दारातल्या उजेडात नेल्या. परत आणल्या.

"ताई," तो वृषालीला म्हणाला, "ह्या तीन वस्तू एकाच घरच्या हायेत का?"

"म्हणजे?"

"लेटरहेडवर मेंढी डावीकडं. कार्डावर मधी. पाकिटावर उजवीकडं. आन कार्डावरची मेंढी दबलीया, बगा." त्याने पट्टी लावली. "लेटरहेडवर रुंदी उंचीच्या दीडपट. कार्डावर जवळजवळ दुप्पट. जागा न्हवती म्हणून वरून दाबली."

वृषालीचे कान लाल झाले. "कार्ड लहान असतं काका. बसवावं लागतं."

"बारकी करून बसवायची. दाबून न्हाई. मेंढी दाबली की डुक्कर व्हतं."

ठमाबाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि हळूच टेबलावर ठेवलं.

"हिरवा रंग बी तीन जागी तीन हाय," तो पुढे म्हणाला. मी तिन्ही उन्हात धरून पाहिले. लेटरहेडचा हिरवा पालेभाजीसारखा, कार्डाचा निळसर, पाकिटाचा काळपट. चार दिवस नमुने माझ्या घरात पडले होते आणि मला दिसलं नव्हतं. मला त्याचा राग आला.

"कागद वेगवेगळा म्हणून तसं दिसतं," वृषाली म्हणाली.

"कागदानं फरक पडतोच. पण रंगाचं माप बी तिन्हीकडं निराळं घेतलंय तुमी. आधी माप एक करा, मंग कागदाचा फरक बगू."

ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे एका रंगाचं मशीन आहे ना? म्हणून तुम्हाला चार रंगांचं डिझाइन नको आहे."

अगदी माझ्या मनातलं बोलली पोरगी. मी मच्छिंद्रकडे बघत राहिले.

"माझं मशीन सोडा," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या आफिसातल्या मशीनवर बगू. पत्र तर त्याच्यावरच टाइप व्हणार."

त्याने एक लेटरहेड आमच्या प्रिंटरमध्ये घातलं. मी कॉम्प्युटरवर चार ओळींचं पत्र काढलं आणि बटण दाबलं. प्रिंटरने कागद अर्धा गिळला, घरघर केली आणि अडकला. ओढून काढला तर चुरगळलेला. दुसरा घातला, तो गेला, पण मच्छिंद्रने तो तिघडी दुमडला तशी घडीवरची छापील अक्षरं पापुद्र्यासारखी उडाली.

"जाड आन चकचकीत," मच्छिंद्र म्हणाला. "लेटरहेडला नव्वद-शंभर जीएसएम वजनाचा साधा बाँड कागद पायजे. आता शिक्का मारा ठमाबाई."

ठमाबाईंनी शिक्का मारला. मारून बोट लावलं तर शाई बोटाबरोबर आली. मग त्या सही करायला गेल्या. ठमाबाई सही मोठी करतात, प्रत्येक अक्षराला वेळ देऊन, कारण पन्नाशीनंतर शिकल्या. खाली जागाच नव्हती. गर्द पट्टा चार बोटं वर चढलेला. सहीचा अर्धा भाग हिरव्यात बुडाला.

"माझं नाव पाण्यात गेलं की गं," ठमाबाई म्हणाल्या.

"जावक क्रमांक आन तारखेला बी जागा न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "मागं ती पुसट मेंढी मोठी घातलीया, ती झेरॉक्समधी काळी येईल आन मजकूर खाईल. पट्ट्यावरची पांढरी अक्षरं लई बारीक, बाँडवर शाई पसरून भरून जातील. आन पट्टा कागदाच्या कडेपर्यंत नेलाय. मशीनला कागद धरायला कडेला बोटभर जागा लागती. कडेपर्यंत छापायचं तर मोठ्या कागदावर छापून कापावं लागतं. पाकीट तर कापता येतच न्हाई, ते आधीच चिकटवलेलं असतं. त्याच्या शिवणीवर गर्द रंग कधी सपाट बसत न्हाई."

मग त्याने मला विचारलं, "बाई, कंपनीचा सरकारी नंबर कुठं हाय?"

मी पाहिलं. कंपनीचा एकवीस अक्षरांचा नोंदणी क्रमांक कार्डावर होता, लेटरहेडवर नव्हता. कायद्याने तो पत्रावर लागतो, नोंदणीकृत पत्ता, फोन आणि ईमेलसकट. कार्डावर नसला तरी चालतो. हे पाहणं माझं काम होतं, त्याचं नव्हतं. सही करण्याआधी कागद वाचणारी मी.

"पाकिटाबद्दल काय?" मी तोडून विचारलं.

तो पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिला. पाकिटावर उजव्या बाजूला, जवळजवळ मध्यावर, कंपनीचं नाव आणि पत्ता ठळक छापला होता. घेणाऱ्याचा पत्ता लिहायला डावीकडे जागा सोडली होती.

"पाकिटाचं आत्ताच सांगत न्हाई," तो म्हणाला. "बगून सांगतो."

इथे माझा संशय पुन्हा ताठ उभा राहिला. बाकी सगळं धडाधडा सांगणारा माणूस पाकिटापाशी का थांबला?

तो गेला. वृषाली तोंड पाडून मंचरची गाडी पकडायला गेली. आम्ही नमुने गोळा केले. मी मोजले. लेटरहेडच्या तपासणीत वाया गेलेले दोन कागद टेबलावर होते, ते धरूनही चारच भरले. कार्डं चार. पाकिटं चार.

पाचवा संच नव्हता.

मी कपाटामागे पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली, ठमाबाईंना उठवून त्यांची खुर्ची पाहिली.

"पडला असंल कुठंतरी," ठमाबाई म्हणाल्या.

"तिन्ही वस्तू एकदम पडत नाहीत. उचलल्या जातात."

मी लगेच बोलले नाही. चार दिवस थांबले, हे माझ्या दृष्टीने फार झालं. त्या चार दिवसांत मी आणखी दोन संचालकांना फोन केला आणि सांगितलं की कोरं लेटरहेड माणसाच्या खिशात गेलंय, आणि कोणत्या माणसाच्या तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. सांगितलं.

शनिवारी नारायणगावला गेले. मच्छिंद्रचा छापखाना बाजारापलीकडच्या गाळ्यात आहे. आत रॉकेलचा आणि शाईचा वास. एक एकरंगी ऑफसेट मशीन, एक कापायचं मशीन आणि भिंतीला गुंडाळून ठेवलेली मेंढ्यांची वाघर, म्हणजे रानात कळप कोंडायची जाळी. मच्छिंद्रचा बाप आयुष्यभर मेंढरांमागे फिरला. मच्छिंद्र सातवीनंतर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला छापखान्यात लागला आणि नंतर मालकाचं जुनं मशीन घेऊन बसला. जाळी का ठेवलीय, असं कोणी विचारलं की तो म्हणतो, असू द्या.

गाळ्यात दोन गिऱ्हाईकं होती, पत्रिका ठरवायला आलेलं एक जोडपं. मी त्यांच्यादेखतच विचारलं, "मच्छिंद्र, आमचा एक संच तुमच्याकडे आहे."

त्याने मशीन बंद केलं. "माझ्याकडं न्हाई बाई. पोस्टात हाय."

"पोस्टात?"

"सोमवारीच टाकला. तुमच्या निमगावच्या पत्त्यावर. मला वाटलं बुधवारी पोचला असंल."

"आज शनिवार आहे. माझ्याकडे काही आलं नाही."

"मंग वाटंत असंल."

"नारायणगाव ते निमगाव सावा, पाच दिवस वाटेत?"

पत्रिकेवाली बाई नवऱ्याकडे बघू लागली. नवऱ्याने निवडलेला नमुना परत गठ्ठ्यात सरकवला.

"आमचा नमुना तुम्ही पोस्टात का टाकाल?" मी विचारलं.

"पाकीट टेबलावर बगून कळत न्हाई. मी नवं पाकीट नेहमी टाकून बगतो. शिक्का कुठं बसतो, घडी कशी ऱ्हाती, पत्ता पुसतो का."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी सोमाजीला सांगून ठिवलं असतं, माझं एक पाकीट येणारे म्हणून." सोमाजी म्हणजे आमचा पोस्टमन. "मंग त्यो जपून आणणार. तपासणी कसली ऱ्हायली?"

हे खरं होतं. मी सोमाजीला नक्की सांगितलं असतं. पण त्या क्षणी मला ते सोयीस्कर उत्तर वाटलं. चोराकडे असतं तसं, तयार आणि गुळगुळीत.

"पाकीट आलं तर बघू," मी म्हणाले. "नाही आलं तर मात्र मी गप्प बसणार नाही. मागच्या वेळी संस्थेवाले बसले."

मागच्या वेळचं नाव काढलं तशी त्याने हात पुसायचा बोळा खाली ठेवला. म्हणाला, "बाई, मागच्या वेळी बी मी हेच म्हणलो व्हतो. माझ्याकडं न्हाई." एवढंच. मग जोडप्याकडे वळला, तर जोडपं पायरी उतरून गेलेलं.

मी तशीच बसने घरी आले. रागात माणसाला भूक चांगली लागते. मी जेवले.

सोमवारी आण्याला मीटिंग होती. विषय एकच, छपाई पुण्याला द्यायची. मी ठराव लिहूनही नेला होता. ठमाबाईंनी आठवड्याचं टपाल माझ्यापुढे सरकवलं, कारण इंग्रजी टपाल मीच फोडते. दोन बँकेची पत्रं, बियाण्यांचं एक पत्रक, आणि मध्ये आमचं स्वतःचं पाकीट.

हिरवा पट्टा, मेंढी, ठळक अक्षरांत पठारकन्या, मु. पो. आणे. डावीकडे कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं माझं नाव आणि निमगाव सावा. चकचकीत कागदावर शाई बोटांनी पसरून गेलेली, "निमगाव" नीट वाचायला मला चष्मा पुसावा लागला. पोस्टाचा शिक्का गर्द पट्ट्यावर पडला होता आणि दिसतच नव्हता. तिकीट मेंढीच्या पाठीवर.

"हे कधी आलं?"

"बुधवारी," ठमाबाई म्हणाल्या. "आपलाच पत्ता छापलाय की त्याच्यावर. मला वाटलं त्या पोरीनं आणखी नमुना धाडला."

पोस्टातल्या माणसाने जे ठळक आणि मध्यभागी होतं ते वाचलं. मीही तेच वाचलं असतं. पाकिटाने पाठवणाऱ्यालाच घेणारा केलं होतं आणि स्वतःच्याच घरी परत आलं होतं. बुधवारी. मी तीन दिवसांनी, शनिवारी, एका माणसाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं.

आत तिघडी घातलेलं लेटरहेड होतं. टोकाची घडी पाकिटाच्या काठाला घट्ट अडकली होती, ओढताना कोपरा दुमडला. त्यावर मच्छिंद्रच्या हातचं, पेन्सिलीने, कारण पेनची शाई त्या कागदावर पसरते:

"बाई, हे पत्र तुम्हाला वेळेत मिळालं असेल तर पाकीट चांगलं आहे, मी चूक. नसेल मिळालं तर पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे वर बारीक घ्यावा. उजवा वरचा कोपरा तिकिटाला, मधली जागा मोकळी. गर्द रंग पाकिटावर नको. आतलं कार्ड परत पाठवतो, त्याच्या मागे पेनने नंबर लिहून पाहिला, पुसतो. कार्डाची मागची बाजू बिनचकाकीची हवी, लोक त्यावर लिहितात."

आत कार्ड होतं. मागे पुसटलेला नंबर. पाचवा संच पूर्ण.

ठमाबाई माझ्याकडे बघत होत्या. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. मग पर्समधला ठराव काढून फाडला. कोणी काही विचारलं नाही. बायका समंजस असतात, म्हणजे नंतर आपसांत बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. पाकीट त्याच्या मशीनवर ठेवलं. तो वाचायला लागला नाही, आधी शिक्का शोधू लागला.

"पट्ट्यात बुडालाय," मी म्हणाले. "आण्याला गेलं होतं."

"मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा थोडा हसला. मग पाकीट उजेडाकडे तिरकं धरून शिक्क्याची तारीख शोधत बसला.

माफी मागणं मला नीट जमत नाही. मी म्हटलं, "काम तुम्हीच करा. आणि शनिवारी मी बोलले ते बरोबर नव्हतं. त्या दोन संचालकांनाही मी सांगेन."

"काम करतो," तो म्हणाला. "पण एक अट हाय. छपाईच्या दिवशी तुमी हितं बसायचं. कागद चढताना मोजायचा, उतरताना मोजायचा. खराब झालेला बी मोजायचा आन तुमच्या हातानं फाडायचा."

"माझा विश्वास नाही म्हणून?"

"तुमचा असू न्हाईतर नसू. तुमी लई संशयी हाय, हे तालुक्याला ठावं हाय. तुमी मोजलं म्हणल्यावर दुसरं कोण मोजणार न्हाई."

हे मला मान्य करावंच लागलं.

वृषालीला बोलावलं. ती आली ती भांडायच्या तयारीने, पण पाकिटाची गोष्ट ऐकून तिने स्वतःच पाकीट मागून घेतलं आणि फोटो काढला. मग दोघं चार दिवस बसले. रंग दोनच ठेवले, एक गर्द हिरवा आणि एक मातकट पिवळा, मापं लिहून. मेंढी एकाच मापाची, एका रंगात, तिन्हीकडे डावीकडे वर. विरघळता उजेड गेला. वृषालीला तो जाताना वाईट वाटलं, तिने दोनदा परत घातला आणि मच्छिंद्रने दोनदा काढला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "काका, नकोच. याच्याशिवाय मेंढी नीट दिसते." खाली पट्ट्याऐवजी एक बारीक रेघ, रेघेखाली पत्ता, फोन, ईमेल आणि एकवीस अक्षरी नंबर. रेघेच्या वर ठमाबाईंच्या सहीपुरती मोकळी जागा. ती जागा मच्छिंद्रने ठमाबाईंना कोऱ्या कागदावर सही करायला लावून, पट्टीने मोजून घेतली. मग खऱ्या बाँडवर, खऱ्या पाकिटावर आणि खऱ्या कार्डावर दोन्ही शाया लावून पाहिल्या. बाँडवर हिरवा थोडा फिका दिसला, तेवढा फरक राहणारच असं त्याने आधीच सांगितलं. आमच्या प्रिंटरमधून दहा कागद काढले. अडकला नाही.

छपाईला मी दोन दिवस स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी हिरवा, रात्रभर वाळवून दुसऱ्या दिवशी पिवळा. एक हजार चाळीस कागद चढले. मच्छिंद्र पाचापाचाने मोजत होता, अंगठ्याने पाच कागद सोडत, तोंडाने काही न बोलता. मी विचारलं तर म्हणाला, "बाप वाघरीच्या तोंडाशी उभा ऱ्हाऊन अशीच मेंढरं मोजायचा. बोललं की आकडा चुकतो." मी गप्प बसले, जे मला सहसा जमत नाही.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईही आल्या होत्या, थोडा वेळ थांबून गेल्या. संध्याकाळी मोजणी झाली. चांगले एक हजार सात. खराब बत्तीस. बेरीज एक हजार एकोणचाळीस.

मी परत मोजले. तेवढेच.

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. तो मशीनखाली वाकला, रद्दी उपसली, रोलरमागे बॅटरी धरली. "बाई, उठू नका," तो म्हणाला. "तुमी हितंच बसा. मी गाळ्याबाहेर जात न्हाई." हाताला शाई असतानाच त्याने कपाळ पुसलं.

पंधरा दिवसांपूर्वीची मी असते तर काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. पण दोन दिवस मी स्टुलावर बसून होते आणि त्याचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं ते येऊन गेलेलं एकच माणूस. मी ठमाबाईंना फोन लावला.

"ठमाबाई, एक लेटरहेड घेतलंत का?"

"पहिलं चांगलं निघालं ना, ते घेतलं," त्या म्हणाल्या. "ओझरला आलेय. विघ्नहरापुढं ठिवलं. पहिली वस्तू देवाला नको का?"

"कोरं ठेवलंत?"

"मंग काय लिवून ठिवू? देवाला काय वाचता येत न्हाई?"

"अहो, कोरं लेटरहेड देवळात सोडून आलात? तिथे दिवसाला हजार माणसं येतात."

"पुजाऱ्याकडं हाय की."

मच्छिंद्रने माझ्या हातातून फोन घेतला. "ठमाबाई, पुजाऱ्यांना सांगा, वर श्री लिहा आन खाली आडवी रेघ मारा. मंग कागद देवाचा झाला, दुसऱ्या कुणाच्या कामाचा ऱ्हात न्हाई. आन मला फोटो पाठवा."

दहा मिनिटांत फोटो आला. श्री, आडवी रेघ, वर मेंढी, बाजूला जास्वंदीचं फूल. एक हजार चाळीस.

खराब बत्तीस कागद मी फाडले. मग चांगल्यातला एक घेतला, आमच्याच पेनने आमच्याच कंपनीचं पहिलं पत्र लिहिलं. कागद किती चढले, किती उतरले, किती फाडले, एक कुठे आहे, मोजणी कोणी केली. मजकूर कोरडा होता. शेवटी लिहिलं की मच्छिंद्र कोळेकर यांच्या छपाईत एकही कागद बेहिशेबी नाही, आणि आणखी कोणा संस्थेला शंका असेल तर मला निमगाव सावाला येऊन विचारावं. खाली सही. दुसऱ्या दिवशी ठमाबाईंची सही आणि शिक्का घेतला. सही रेघेच्या वर नीट मावली, शिक्का वाळला.

पत्र मी त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "काच घालून भिंतीला लावा. येणाऱ्याला दिसेल."

त्याने ते वाचलं नाही. तिघडी केली, घडीवरून नख फिरवलं, अक्षरं उडतात का पाहिलं. नव्या पाकिटात सरकवलं, सहज गेलं. मधल्या मोकळ्या जागेत पेनने स्वतःचा पत्ता लिहिला, उजव्या कोपऱ्यात तिकीट लावलं आणि चपला घालून पोस्टाकडे निघाला.

"अहो, हातात दिलंय ना मी," मी मागून म्हणाले.

"पाकीट पास व्हायचंय अजून," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "बाई, आलं. शिक्का तिकिटावर बसलाय, तारीख स्वच्छ हाय. पत्ता जरा बी पुसला न्हाई."

"पत्र वाचलंत का?"

"वाचतो की," तो म्हणाला. "आधी घडी बगतोय."